मैद्याची गाडी, घाट आणि RAND(): सर्व्हिस लेव्हल नक्की किती धरायची?

गोदामवाला_म्हापसा

नमस्कार मंडळी. प्रश्न आकडेमोडीचा आहे, कंटाळा आला तर सरळ खालच्या गप्पांवर या.

आमचा मैद्याचा होलसेल धंदा. गोदाम म्हापशाला, गिऱ्हाईक म्हणजे बार्देशातले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, आणि थोडे केकवाले. पन्नास किलोचं पोतं. माल बेळगावकडच्या गिरणीतून येतो, बहुतेक वेळा चोर्ला घाटातून, तो बंद असला की अनमोड घाटातून. एका गाडीत दीडशे पोती. बाबांचा नियम असा की संध्याकाळी गोदामात साठ किंवा त्याहून कमी पोती दिसली की गिरणीला फोन. हे साठ कुठून आले ते त्यांनाही आठवत नाही.

मी वहीवरून दोन तक्ते काढले. रोजची विक्री पाच-पाचच्या टप्प्यात धरली: २० पोती १५ टक्के दिवस, २५ पोती ३५ टक्के, ३० पोती ३० टक्के, ३५ पोती १५ टक्के, ४० पोती ५ टक्के. सरासरी २८. गाडी फोननंतर एका दिवसात येते ६० टक्के वेळा, दोन दिवसांत २५, तीन दिवसांत १० आणि चार दिवसांत ५ टक्के वेळा. सरासरी १.६ दिवस. एक दिवस म्हणजे उद्या संध्याकाळी माल उतरणार आणि परवा सकाळी विक्रीला लागणार.

साधा गुणाकार केला तर २८ × १.६ म्हणजे ४५ पोती. मग साठला फोन केला तर १५ पोती वरकड राहतात, भरपूर झालं. पण एका मित्राच्या सांगण्यावरून एक्सेलमध्ये ३६५ ओळींची शीट केली, RAND() वापरून रोजची मागणी आणि गाडीचा उशीर दोन्ही पाडले, आणि उत्तर वेगळंच आलं. माल येईपर्यंत गोदाम रिकामं झालं नाही अशा खेपा, म्हणजेच सर्व्हिस लेव्हल, फक्त ६५-७० टक्के. वर F9 दाबलं की आकडा बदलतो, एकदा ७४, एकदा ५८. यातलं खरं कुठलं मानायचं?

उंडो_विथ_चाय

RAND() कशाला, आमच्या ड्रायव्हरला विचारा "कधी पोचणार". दर वेळी नवा आकडा मिळतो.

सासष्टीकर

गाडीला जीपीएस लावून घ्या. गाडी कुठे आहे ते मोबाईलवर दिसेल, मग अंदाज कशाला बांधायचा? आमच्या मडगावच्या दुकानाला माल आणणारे सगळे आता लावतात.

गोदामवाला_म्हापसा

@सासष्टीकर गाडी अनमोडला अडकली आहे हे कळून माझ्या गोदामात पोतं येत नाही ना. फोन किती पोत्यांवर करायचा हे गाडी निघायच्या आधी ठरवायचं आहे.

झेड_स्कोअर

याला सिम्युलेशनची गरजच नाही, सूत्र आहे. गाडी येईपर्यंतच्या मागणीची सरासरी ४५. तिचा विचलनाचा वर्ग दोन भागांचा बनतो. रोजच्या मागणीतल्या चढउतारामुळे १.६ × २८.५ म्हणजे साधारण ४६, आणि गाडीच्या दिवसांतल्या चढउतारामुळे २८ चा वर्ग गुणिले ०.७४ म्हणजे ५८०. बेरीज ६२६, वर्गमूळ २५. पंचाण्णव टक्क्यांसाठी १.६४५ ने गुणा, ४१ येतात. ४५ अधिक ४१, म्हणजे ८६ पोत्यांवर फोन करा. विषय संपला.

निवृत्त_प्लॅनर

वेर्ण्याच्या एका कारखान्यात मटेरियल विभागात आयुष्य गेलं, म्हणून लिहितो.

झेड_स्कोअरनी मांडलेला हिशेब बरोबर आहे आणि त्यात एक फार उपयोगी गोष्ट लपली आहे, ती आधी बघा. ६२६ पैकी ५८० गाडीमुळे. म्हणजे पोदेरांनी उद्या किती पोती न्यायची ते अगदी छापून दिलं, तरी तुमची डोकेदुखी जेमतेम कमी होईल. मागणीचा अंदाज सुधारण्यात वेळ घालवू नका, सगळा खेळ घाटाचा आहे.

पण ८६ वर ९५ टक्के मिळणार नाहीत. शीटमध्ये ९० घालून बघा, ८९ च्या आसपास येईल. फरक दोन कारणांनी पडतो. एक तर चार दिवसांची गाडी हा घंटेच्या आकाराचा प्रकार नाही, ती एका बाजूला लांब शेपटी आहे. दुसरं कारण सहसा कोणी धरत नाही. सूत्र समजतं की तुम्ही बरोबर ८६ पोती उरली त्या क्षणी फोन करता. तुम्ही तर संध्याकाळी मोजता. सकाळी ६५ होती, नियमानुसार फोन नाही. दिवसात ३० गेली, संध्याकाळी ३५ उरली, तेव्हा फोन. साठचा नियम कागदावर, प्रत्यक्षात फोन झाला पस्तिसाला. तुमच्या तक्त्याने ही घसरण सरासरी १२ पोती पडते. तुमचा साठचा नियम खरं म्हणजे अठ्ठेचाळीसचा आहे. शीट दिवसागणिक चालते म्हणून तिला हे आपोआप कळतं, सूत्राला वेगळं सांगावं लागतं.

झेड_स्कोअर

ठीक आहे, मग सूत्रात १२ मिळवा. ९८. तरी सूत्रच झालं.

निवृत्त_प्लॅनर

मिळवा की. ९८ वर शीट चालवा आणि ९५ येतात का ते इथे सांगा.

करासवाड्याचा_कारकून

मी पण रात्री बसून केली शीट. तुमचे तक्ते, तुमचा साठचा नियम, सगळं तेच. माझ्याकडे तर ९४ टक्के येतात. एकदा-दोनदा १००. तुमचं काहीतरी चुकतंय, बाबांचा नियम उत्तम आहे.

निवृत्त_प्लॅनर

@करासवाड्याचा_कारकून मागणीच्या स्तंभाची सरासरी काढून सांगाल?

करासवाड्याचा_कारकून

२०.६. का?

निवृत्त_प्लॅनर

कारण ती २८ च्या अवतीभवती यायला हवी. वर्षभराच्या ३६५ ओळींत अर्धा-पाऊण पोतं इकडेतिकडे होईल, सात पोती नाही. तुम्ही VLOOKUP च्या तक्त्यात पहिल्या ओळीत ०.१५ लिहून समोर २० लिहिलेत, हो ना? आणि कुठे #N/A दिसलं म्हणून IFERROR लावून शून्य करून टाकलंत.

करासवाड्याचा_कारकून

माझ्या खिडकीत बसला होता की काय काका?

निवृत्त_प्लॅनर

नाही हो, सगळ्यांचं तिथेच अडतं. VLOOKUP ला TRUE दिलं की तो आकडा ज्या पायरीवर उभा आहे ती पायरी शोधतो. म्हणून पायरीची सुरुवात लिहायची, शेवट नाही. पहिली ओळ शून्यापासून. तुमच्या तक्त्यात ०.१५ पेक्षा लहान आकड्याला पायरीच नाही, तिथे चूक दाखवली, ती तुम्ही शून्य केलीत. बाकीचे सगळे एक पायरी खाली घसरले. गाडीच्या तक्त्यातही तेच झालं असणार, म्हणजे साठ टक्के गाड्या शून्य दिवसांत, फोन ठेवताच दारात. अशा गाडीवर ९४ टक्के येणारच.

असे असावेत तक्ते, M-N मध्ये मागणी आणि P-Q मध्ये गाडी:

```
M     N        P     Q
0     20       0     1
0.15  25       0.60  2
0.50  30       0.85  3
0.80  35       0.95  4
0.95  40
```

आणि शीट चालवण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या: मागणीची सरासरी २८ जवळ, गाडीची १.६ जवळ. त्या जुळल्याशिवाय सर्व्हिस लेव्हलच्या खान्याकडे बघायचंच नाही.

हणजुणेची_शेवंता

माझं छोटं रेस्टॉरंट आहे, भाजी सगळी बेळगावची. मला पण ही शीट चालेल का? कोथिंबीर, टोमॅटो, फ्लॉवर. डिसेंबरात गाडी चार तास उशिरा आली तर दुपारचं जेवण गेलं.

निवृत्त_प्लॅनर

शेवंताताई, तुमचा प्रश्न निराळा. मैदा आज विकला नाही तर उद्या विकतो, म्हणून कालची शिल्लक आजच्या ओळीत उतरते. कोथिंबीर उद्याच्या ओळीत उतरते ती कचऱ्याच्या टोपलीतून. शिवाय तुमचा उशीर तासांचा, यांचा दिवसांचा. तुम्हाला एका दिवसाची, तासांनी चालणारी शीट लागेल.

हणजुणेची_शेवंता

म्हणजे नाही. बरं. पण वाचतेय, चालू द्या.

गोदामवाला_म्हापसा

काका, माझे तक्ते शून्यापासूनच आहेत, सरासरी २८.२ येते. सूत्रं इथे टाकतो, कोणी नजर घालेल का? ही तिसरी ओळ, म्हणजे दुसरा दिवस. A दिवस, B सकाळचा साठा, C मागणी, D विक्री, E तूट, F संध्याकाळचा साठा, G फोन केला का, H गाडीचे दिवस, I माल उतरण्याचा दिवस. K1 मध्ये ६०.

```
B3: =F2+150*COUNTIF(I$2:I2,A2)
C3: =VLOOKUP(RAND(),$M$2:$N$6,2,TRUE)
D3: =MIN(B3,C3)
E3: =C3-D3
F3: =B3-D3
G3: =IF(AND(F3<=$K$1,MAX(I$2:I2)<A3),1,0)
H3: =IF(G3=1,VLOOKUP(RAND(),$P$2:$Q$5,2,TRUE),0)
I3: =IF(G3=1,A3+H3,0)
J3: =IF(AND(COUNTIF(I$2:I2,A3)>0,E3>0),1,0)
```

J म्हणजे ज्या दिवशी माल उतरतो त्या दिवशी तूट होती का. एकदा गोदाम रिकामं झालं की गाडी येईपर्यंत रिकामंच राहतं, म्हणून शेवटच्या दिवशी बघितलं की पुरतं. J ची बेरीज भागिले G ची बेरीज, आणि ते १ मधून वजा.

निवृत्त_प्लॅनर

सुरेख आहे. मागणीला एक RAND() आणि गाडीला दुसरा, हे बरोबर. G मधली "गाडी वाटेत असताना दुसरा फोन नाही" ही अट बरेच जण विसरतात, आणि मग शीट रोज संध्याकाळी दीडशे पोती मागवत बसते.

आता तुमचा F9 चा प्रश्न. वर्षाच्या ३६५ ओळी दिसायला खूप दिसतात, पण तुम्ही मोजताय त्या खेपा. दीडशे पोत्यांच्या खेपा वर्षाला साठ-पासष्ट. पासष्ट खेपांवर काढलेली टक्केवारी नशिबाने सहज सहा टक्के वरखाली होते, अधूनमधून बारा. म्हणून तुम्हाला ५८ पण दिसले आणि ७४ पण. दोन्ही "खरे" आहेत, एकेका काल्पनिक वर्षाचे. तुम्हाला हवं आहे अशा पुष्कळ वर्षांचं मध्य.

त्यासाठी डेटा टेबल. एका रिकाम्या स्तंभात १ ते १००० उभे लिहा, शेजारच्या वरच्या खान्यात सर्व्हिस लेव्हलचा संदर्भ द्या, दोन्ही मिळून निवडा, What-If Analysis मधून Data Table, आणि Column input cell मध्ये शीटमधला कुठलाही रिकामा खाना द्या. एक्सेल प्रत्येक ओळीसाठी सगळे RAND() नव्याने पाडतो. मशीन थोडं घामाघूम होईल. सरासरी काढा, ६७ वर स्थिर होईल.

उंडो_विथ_चाय

हजार वर्षं मैदा विकायचा. बाबांना सांगू नका, ते हजार वर्षांची उधारी पण मोजायला लावतील.

पोदेराचो_पूत

मी या धंद्याच्या दुसऱ्या टोकाला बसलोय, भट्टी आमची आहे. ६७ टक्के वाचून हसू आलं. म्हणजे तीनातल्या एका वेळी माल नाही? इतकं काही वाईट नाही हो. आम्हाला पोतं मिळालं नाही असं वर्षातून फार क्वचित होतं.

निवृत्त_प्लॅनर

दोघंही बरोबर आहात, मोजताय वेगळं. ६७ टक्के म्हणजे शंभर खेपांपैकी ६७ मध्ये एकही पोतं कमी पडलं नाही. उरलेल्या ३३ मध्ये तूट झाली, मग ती पाच पोत्यांची असो की सत्तरची, शिक्का एकच. आता गोदामवाल्यांनी दुसऱ्या खान्यात हे घालावं:

```
=SUM(D2:D366)/SUM(C2:C366)
```

मागितलेल्या पोत्यांपैकी किती दिली ते कळेल. साठच्याच नियमावर ते ९४ येईल. तीच शीट, तोच नियम, एकीकडे ६७ आणि दुसरीकडे ९४. फोन ९० वर नेला तर ८९ आणि ९८. गिरणीशी किंवा हॉटेलवाल्याशी बोलताना "आमची सर्व्हिस लेव्हल अमुक" असं कोणी म्हणालं, तर यातली कुठली ते आधी विचारायचं.

गोदामवाला_म्हापसा

९४.३ आली. बाबा खूश. म्हणाले, "शंभरातली चौऱ्याण्णव देतो, अजून काय पाहिजे?"

पोदेराचो_पूत

बाबांना माझा नमस्कार, पण एक सांगतो. तुमच्याकडे माल नाही असं एकदा कळलं की आम्ही त्या दिवशी दुसऱ्याकडून घेतो. आणि तो दुसरा हुशार असतो, एक पोतं मागितलं तर चार देतो. मग पुढचे दोन-तीन दिवस आम्ही तुमच्याकडे फिरकत नाही. तुमच्या वहीत त्या दिवशी काय लिहिलेलं असतं? विक्री शून्य. पुढच्या दिवशी वीस. तुम्ही समजता मागणी कमी होती.

निवृत्त_प्लॅनर

हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद आहे. वहीत विक्री असते, मागणी नसते. गोदामात अठरा पोती असताना तीस मागितली गेली तर वही म्हणते अठरा. मग ती अठरा तक्त्यात "वीस" च्या खान्यात जाऊन बसतात. तूट जितकी जास्त, तितका तक्ता हलका, आणि तितकी शीट गोड बोलते.

गोदामवाले, ज्या दिवशी संध्याकाळचा साठा शून्य होता ते दिवस तक्त्यातून काढून टाका आणि परत मोजा. रिकामं गोदाम काही मागणी बघून निवडून येत नाही, ते बहुतेक गाडीमुळे होतं, म्हणून ते दिवस वगळले तर फार बिघडत नाही. माल येण्याच्या पुढचे दोन दिवसही वगळता आले तर बघा, पोदेराचो_पूत म्हणतात त्यासाठी. आणि इथून पुढे फोनवर "नाही" म्हटलं की किती मागितली होती ते वहीत लिहा.

गोदामवाला_म्हापसा

वहीत शिल्लक शून्य लिहिलेले दिवस काढले. २० चा खाना १५ वरून ११ टक्क्यांवर आला, बाकीचे थोडे थोडे वाढले. फार नाही. पुढचे दोन दिवस वगळायला अजून बसायचं आहे.

झेड_स्कोअर

९८ शीटमध्ये आधीच्याच तक्त्यावर, हजार वेळा चालवलं. ९५ नाही आले, थोडे कमीच. मान्य. पण तरी मी म्हणेन की दहा मिनिटांत सूत्राने ९८ वर पोचवलं, तुम्ही तीन दिवस धागा चालवताय.

सत्तरीकर

मी केरीचा, घाटाच्या पायथ्याशी राहतो. तुमचं गणित मला फारसं कळत नाही, पण एक खटकतंय. तुम्ही म्हणता "चार दिवस उशीर ५ टक्के वेळा". आमच्याकडून बघितलं तर जानेवारीत उशीर जवळपास नसतोच. आणि जुलैत दरड आली, अवजड वाहनं बंद झाली, की सगळ्यांचीच बंद. आज अडकली आणि उद्या सुटली असं नाही, आठवडाभर सगळ्याच गाड्या रखडतात. मग सगळे अनमोडला वळतात, तिथे मोलेंपर्यंत रांग. तेही बंद झालं तर आंबोलीहून सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी असा फेरा. २०२१ च्या जुलैचा पूर आठवत असेल. तुमचं मशीन मात्र जानेवारीतही पाच टक्के दरड पाडतंय.

उंडो_विथ_चाय

मशीनला घाट दाखवायला न्या एकदा. परत येताना केरीला सोलकढी.

निवृत्त_प्लॅनर

सत्तरीकर, गणित कळत नाही म्हणत तुम्ही नेमकं गणिताचं दुखणं पकडलंत.

गोदामवाले, तक्ता दोन भागांत फोडा. तुमच्याकडे आकडे असतीलच, पण समजण्यासाठी मी फोडून दाखवतो. समजा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत एक दिवसाची गाडी ३० टक्के, दोन ३५, तीन २०, चार १५. आणि उरलेल्या आठ महिन्यांत ७५, २०, ५ आणि चार दिवसांची एकही नाही. वर्षाचं मिश्रण केलं तर बरोबर तुमचा ६०-२५-१०-५ चा तक्ता परत मिळतो. म्हणजे वर्षाकाठी काही बदललेलं नाही.

आता ९० चा नियम घ्या, ज्यावर तुमची शीट ८९ दाखवत होती. कोरड्या महिन्यांत खेपांची सर्व्हिस लेव्हल ९७ येते. पावसाळ्यात ७२-७३. आणि बाबांचा साठचा नियम पावसाळ्यात ४१ वर येतो, कोरड्यात ८० वर. ८९ हा आकडा वर्षातल्या कुठल्याच महिन्याचा नाही.

गोदामवाला_म्हापसा

४१!! बाबांना हे दाखवल्यावर ते जरा वेळ गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणूनच जुलैत मी पंचाऐंशीला फोन करतो." म्हणजे नियम साठचा, पण त्यांच्या डोक्यात पावसाळ्याचा वेगळा होता, मला कधी सांगितलाच नव्हता.

पोदेराचो_पूत

जुन्या माणसांची शीट डोक्यात असते, नुसती कोणी सेव्ह केलेली नसते.

करासवाड्याचा_कारकून

माझी शीट दुरुस्त झाली, आता ६६.८ येतात. एक विचारायचं होतं. मागणीही ऋतूप्रमाणे बदलते ना? नाताळात केक, चवथीला घरोघरी नेवऱ्या. मग तिचेही दोन तक्ते करायचे का?

निवृत्त_प्लॅनर

केले तर वाईट नाही, पण क्रमाने दुसरं. आठवतंय ना, ६२६ मधले ५८० गाडीचे. मात्र चवथ ज्या वर्षी ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरात येते, तेव्हा वाढलेली मागणी आणि रखडलेली गाडी एकाच आठवड्यात पडतात. तो आठवडा वेगळा हाताने चालवून बघा. सरासरीत तो दिसणार नाही.

पोदेराचो_पूत

चवथीला आमचा पाव कमी खपतो हो, वाढत नाही. नेवऱ्यांचा मैदा लोक किराणा दुकानातून किलोने घेतात. तो गोदामवाल्यांकडून जातो का ते त्यांनाच माहीत.

गोदामवाला_म्हापसा

किराणावाले आमच्याकडून थोडंच नेतात. चवथीत एकूण वाढतं की घटतं, खरंच बघितलं नाही. बाबा म्हणतात वाढतं, वही म्हणते घटतं. आणि वहीवर किती विश्वास ठेवायचा ते आता कळलंय.

पावसाळ्यासाठी १२० घालून चालवलं. खेपांची ९१-९२ येते, झकास. पण अडचण दुसरी आली. गोदामात जागा २२० पोत्यांची. १२० वर फोन केला आणि गाडी नेमकी दुसऱ्याच दिवशी आली, तर एका ओळीत २४५ दिसली. पंचवीस पोती ओसरीवर ठेवायची का? जुलैत? खालच्या थरातला मैदा तसाही दमट होऊन गोळे धरतो, लाकडी फळ्या घातल्या तरी.

हणजुणेची_शेवंता

पावसात ओसरीवर मैदा ठेवला तर तुमच्याकडेच खळ तयार होईल, पोस्टर चिकटवायला विका.

झेड_स्कोअर

सोपं आहे. पावसाळ्यात दीडशेऐवजी शंभरची गाडी मागवा. १२० वर फोन, १०० ची खेप, २२० च्या वर जाणारच नाही.

गोदामवाला_म्हापसा

अर्धी-मुर्धी गाडी गिरणी पाठवते, भाडं थोडं जास्त बसतं पोत्यामागे. ते परवडेल. शीटमध्ये १५० चं १०० केलं, पण सर्व्हिस लेव्हल एकदम पडली. इतकी पडेल असं वाटलं नव्हतं.

निवृत्त_प्लॅनर

ती तुमच्या G मधल्या अटीमुळे. गाडी वाटेत असताना दुसरा फोन नाही, ही अट दीडशेच्या खेपेला शोभते. गोदाम रिकामं झाल्यावर शंभरची खेप आली तर साठा शंभर, म्हणजे १२० च्या खालीच. एका दिवसाने फोन होईपर्यंत सत्तर उरतात, आणि पुढची गाडी चार दिवसांची निघाली की पुन्हा खडखडाट. खेप फोनच्या आकड्यापेक्षा लहान असेल तर गोदामातली आणि वाटेतली पोती मिळून मोजायची:

```
B3: =F2+100*COUNTIF(I$2:I2,A2)
G3: =IF(F3+100*COUNTIF(I$2:I2,">="&A3)<=$K$1,1,0)
```

यात एका वेळी दोन गाड्या वाटेत असू शकतात. आणि J चा खाना मात्र आता टाकून द्या. दोन गाड्या वाटेत असल्या की "ही खेप" कुठून कुठपर्यंत ते ठरत नाही, मागची गाडी पुढचीच्या आधीही पोचू शकते. मागितलेल्यापैकी दिली किती, आणि तुटीचे दिवस किती, एवढंच बघा.

सत्तरीकर

मागची गाडी आधी पोचते हे तुमच्या शीटमध्ये ठीक आहे. घाट बंद असला तर दोन्ही घाटमाथ्यावर एकामागे एक उभ्या असतात, आणि सुटल्या की बरोबरच येतात. ते कसं घालणार?

निवृत्त_प्लॅनर

गाडीचा उशीर फोनच्या दिवशी पाडण्याऐवजी घाटाची स्थितीच रोज पाडायची: आज उघडा, आज बंद, आणि आज बंद असेल तर उद्याही बंद असण्याची शक्यता जास्त. मग गाडी घाट उघडेपर्यंत थांबणार. शीटमध्ये एक स्तंभ वाढेल. पण त्या शक्यता भरायला घाट किती दिवस सलग बंद होता याची नोंद लागेल, आणि ती यांच्या वहीत नाही.

सत्तरीकर

माझ्या मामाची चहाची टपरी आहे केरीला. गाड्या थांबल्या की त्याचा धंदा वाढतो. त्याच्या दुधाच्या हिशेबावरून निघतील का दिवस?

गोदामवाला_म्हापसा

@सत्तरीकर नंबर मेसेजमध्ये पाठवा, रविवारी येतो.